दर घटला, पत्रं वाढली, मग प्राप्ती का घटली?

श्रोतेहो, नमस्कार. वस्तूची किंमत कमी केली की विक्री वाढते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण विक्री वाढली म्हणजे गल्ल्यात जास्त पैसे येतीलच असं नाही. ते कधी येतात आणि कधी येत नाहीत, हे आधी ओळखायचं कसं? अर्थशास्त्रात यासाठी मागणीची किंमत लवचिकता मोजतात. मागणीतला शेकडा बदल घ्यायचा आणि त्याला किमतीतल्या शेकडा बदलानं भागायचं. किंमत खाली आली की मागणी वर जाते, म्हणून उत्तर ऋण येतं. ते चिन्ह बाजूला ठेवून आपण फक्त आकडा पाहतो. आकडा 1 पेक्षा मोठा असेल तर मागणी लवचीक आणि 1 पेक्षा लहान असेल तर अलवचीक. मागणी लवचीक असताना किंमत उतरवली की एकूण प्राप्ती वाढते. अलवचीक असताना उतरवली की प्राप्ती घटते. एकूण प्राप्ती म्हणजे किंमत गुणिले विकले गेलेले नग.

आता मी एक गोष्ट सांगतो. ही मला फार आवडते, त्यामुळे थोडी सविस्तर सांगेन.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंड. तिथे टपालाचा खर्च पत्र पाठवणारा नव्हे, तर बहुतेक वेळा पत्र घेणारा द्यायचा. दर अंतरावर आणि कागद किती, यावर ठरायचा. दूरच्या गावाहून आलेल्या पत्राला एक शिलिंग, म्हणजे 12 पेन्स, सहज पडत आणि गरीब माणसाला ती मोठी रक्कम होती. उत्तर इंग्लंडात केस्विक नावाचं गाव आहे. तिथे कवी सॅम्युअल टेलर कोलरिज एका घरावरून जात होते. दारात टपालवाला पत्र घेऊन उभा होता आणि घरातली बाई शिलिंग देऊ शकत नाही म्हणून पत्र परत करत होती. कोलरिज यांना वाईट वाटलं. बाई नको नको म्हणत असताना त्यांनी पैसे भरले आणि पत्र तिच्या हातात दिलं. टपालवाला दिसेनासा झाल्यावर बाईनं पत्र उघडून दाखवलं. आत एक अक्षरही नव्हतं! तिच्या भावाशी तिचं ठरलं होतं: सगळं ठीक असेल तर त्यानं दर तीन महिन्यांनी असा कोरा कागद पाठवायचा. पत्र दाराशी आलं की खुशाली कळली, मग ते परत करायचं. निरोप पोचला आणि टपाल खात्याला एक पेनीही मिळाली नाही.

ही गोष्ट पुष्कळदा रोलंड हिल यांच्या नावावर सांगतात. हिल यांनी स्वतः मात्र ती कोलरिज यांची म्हणून सांगितली होती. ज्याची हकीकत त्याच्या नावानं सांगावी, असं मला मनापासून वाटतं. गोष्ट गाजली की तिचा मूळ धनी हरवतो, आणि हे बरं नाही.

तर हे हिल टपाल सुधारणेचे पुरस्कर्ते. त्यांचं म्हणणं असं की दर इतका चढा आहे की माणसं पत्रं टाळतात, चोरून पाठवतात किंवा अशा युक्त्या करतात. दर पाडा, म्हणजे ही दडलेली मागणी बाहेर येईल. 10 जानेवारी 1840 पासून देशांतर्गत पत्राला, अर्ध्या औंसापर्यंत, अंतर कितीही असो, एकच दर लागू झाला: एक पेनी.

मग काय झालं? 1839 मध्ये सुमारे 7.6 कोटी पत्रं गेली होती. 1840 मध्ये सुमारे 16.9 कोटी गेली. दुपटीहून जास्त! पण एकूण प्राप्ती सुमारे 23.9 लाख पौंडांवरून 13.6 लाख पौंडांवर आली. पुन्हा सांगतो: पत्रं दुपटीहून जास्त, आणि प्राप्ती जवळपास निम्मी.

आता लवचिकता काढू. एका पौंडाचे तेव्हा 240 पेन्स. प्राप्तीला पत्रांच्या संख्येनं भागलं की एका पत्रामागे आधी सुमारे 7.5 पेन्स येतात आणि नंतर सुमारे 1.9 पेन्स. जड आणि परदेशी पत्रांमुळे सरासरी एका पेनीच्या वर गेली.

इथे एक सापळा आहे, कृपया लक्ष द्या. जुन्या आकड्यावरून टक्के काढले तर पत्रं 122 टक्के वाढली आणि दर 75 टक्के उतरला. 122 भागिले 75, उत्तर सुमारे 1.6. म्हणजे मागणी लवचीक, प्राप्ती वाढायला हवी होती. प्रत्यक्षात ती पडली! नियम चुकला का? नाही. टक्के काढायची पद्धत चुकली. किंमत चौथ्या हिश्श्यावर आली, तर प्राप्ती टिकायला विक्री चौपट व्हावी लागते, म्हणजे 300 टक्के वाढ. 75 टक्के घट भरून काढायला 75 टक्के वाढ पुरत नाही. बदल लहान असेल, पाच-सात टक्क्यांचा, तर साधी पद्धत बहुतेक वेळा चालते. बदल मोठा असेल तर ती फसवते.

म्हणून मध्यबिंदू पद्धत वापरायची. जुना आणि नवा आकडा यांची सरासरी काढायची आणि बदलाला त्या सरासरीनं भागायचं. पत्रांची सरासरी 12.25 कोटी, वाढ 9.3 कोटी, भागाकार सुमारे 0.76. दराची सरासरी 4.7 पेन्स, घट 5.6, भागाकार सुमारे 1.19. आता 0.76 भागिले 1.19, उत्तर सुमारे 0.64. एकपेक्षा लहान. मागणी अलवचीक, प्राप्ती घटणार, आणि ती घटलीच. या पद्धतीचं मोठेपण असं की तिचं उत्तर बरोबर 1 येतं तेव्हा आधीची आणि नंतरची प्राप्ती अगदी सारखी असते. बदल कितीही मोठा असो, एकच्या अलीकडे-पलीकडे पाहून निकाल सांगता येतो. पाठ्यपुस्तकांत आधी साधी पद्धत घोटून घेतात आणि ही शेवटी उरकतात. मी उलट क्रमानं शिकवावं या मताचा आहे.

पण 0.64 हा आकडा फक्त पहिल्या वर्षाचा. लोकांच्या सवयी बदलायला वेळ लागतो. पत्रांची संख्या पुढेही वाढत राहिली आणि एकूण प्राप्ती 1850 नंतर लवकरच जुन्या पातळीवर आली. दीर्घकाळात मागणी जास्त लवचीक होते, हे खरं. तरी ती सगळी वाढ स्वस्त दराच्या खात्यावर टाकता येणार नाही, कारण मधल्या काळात रेल्वे पसरली, लोकसंख्या वाढली, लिहिता-वाचता येणारेही वाढले. लवचिकता मोजताना बाकीच्या गोष्टी स्थिर धरलेल्या असतात, आणि दहा वर्षांत त्या स्थिर राहत नाहीत. दर बदलण्याच्या आधीचा आणि नंतरचा काळ जितका जवळ, तितका आकडा भरवशाचा.

आणि प्राप्ती म्हणजे नफा नव्हे. दुप्पट पत्रं वाहायची म्हणजे माणसं आणि गाड्या जास्त लागणार. टपालाची निव्वळ शिल्लक 1839 मध्ये सुमारे 16 लाख पौंड होती, ती 1840 मध्ये सुमारे 5 लाखांवर आली. किंमत उतरवल्यावर मागणी लवचीक निघाली, तरी वाढलेल्या नगांचा खर्च वजा केल्याशिवाय हाती काय राहिलं ते कळत नाही. किंमत चढवताना, मागणी अलवचीक असेल, तर उलट होतं: प्राप्ती वाढते, नग कमी बनवावे लागतात आणि खर्चही उतरतो. नमस्कार.