डीमॅट खात्यात आलेले तीस हक्क

(पडद्यावर: मोबाइलवर उघडलेलं डीमॅट खातं. एका ओळीवर कॅमेरा थांबतो.)

सकाळी सहज खातं उघडलं, तर ओळखीच्या कंपनीच्या खाली एक नवी ओळ. नाव तेच, शेवटी ‘आरई’ अशी अक्षरं. संख्या तीस. आपण काही घेतलेलं नाही, कुणाला पैसे दिलेले नाहीत. बरेच जण बोनस समजून ती सोडून देतात. काही आठवड्यांनी ती ओळ नाहीशी होते आणि तिच्याबरोबर आपले थोडे पैसेही जातात.

आरई म्हणजे राइट्स एन्टायटलमेंट. कंपनीला भांडवल हवं असतं, तेव्हा ती नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना देऊ करते, तेही बाजारभावापेक्षा कमी किमतीला. ते घेण्याचा हक्क म्हणजे ही ओळ. सेबीने जानेवारी २०२० मध्ये नियम बदलला आणि हे हक्क डीमॅट खात्यात जमा होऊन शेअर बाजारात विकता येऊ लागले. त्याच वर्षी मे महिन्यात रिलायन्सचा राइट्स इश्यू आला. पंधरा शेअरमागे एक, भाव १,२५७ रुपये. लाखो लोकांनी आरई ही चीज तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

(पडद्यावर: कागद आणि पेन. आकडे हाताने लिहिले जातात.)

आता एक मनातलं उदाहरण घेऊ. तुमच्याकडे एका कंपनीचे १२० शेअर आहेत. भाव २०० रुपये, म्हणजे एकूण २४,००० रुपये. कंपनी म्हणते, चार शेअरमागे एक नवा, १५० रुपयांना. तुमच्या वाट्याला तीस हक्क येतात.

इथे पहिला गैरसमज होतो. दोनशेचा शेअर दीडशेला, म्हणजे पन्नास रुपये फायदा! तसं नाही. दोनशेचे चार शेअर आणि दीडशेचा एक, असे पाच शेअर मिळून ९५० रुपये होतात. पाचाने भागा, १९० येतात. हक्क वेगळा झाला, की बाकी काही न घडता शेअरचा भाव साधारण तिथे उतरायला हवा. म्हणजे एका हक्काची किंमत पन्नास नव्हे, चाळीस रुपये. आणि ते चाळीस रुपये कंपनीने दिलेले नाहीत, ते तुमच्याच जुन्या शेअरमधून निघालेले आहेत.

म्हणून तिन्ही वाटा तपासून पाहू. तुम्ही ४,५०० रुपये भरून तीसही शेअर घेतले, तर १५० शेअर होतात. १९० च्या भावाने २८,५०० रुपये. मूळचे चोवीस हजार आणि भरलेले साडेचार हजार, बरोबर तितकेच. दुसरी वाट, हक्क विकायचे. शेअरचे २२,८०० आणि हक्कांचे १,२००, पुन्हा चोवीस हजार. तिसरी वाट, काहीच करायचं नाही. मग २२,८०० उरतात आणि बाराशे रुपये हवेत जातात.

हिशेबात नुकसान फक्त गप्प बसणाऱ्याचं होतं. घेणारा आणि विकणारा दोघेही जागच्या जागी आहेत.

(पडद्यावर: कॅलेंडर. दोन तारखांभोवती लाल गोल.)

विकायचं असेल तर तारीख पाहा. इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच बाजारातली आरईची विक्री थांबते. लोक इथेच चुकतात. शेवटची तारीख लक्षात ठेवतात, विक्रीची शेवटची तारीख त्याआधी असते हे ध्यानात येत नाही. आणि उलट्या बाजूची चूक त्याहून महाग पडते: आरई चाळीस रुपयांना दिसते, ‘स्वस्त शेअर’ म्हणून कुणी ती विकत घेतो आणि वाट पाहत बसतो. त्याने फक्त हक्क घेतलेला असतो. पुढे अर्ज करून दीडशे रुपये भरले नाहीत, तर त्याच्या हाती काही उरत नाही.

हाताशी पैसे नाहीत, पण कंपनीतला वाटा पूर्ण सोडायचाही नाही, अशांसाठी मधली वाट आहे. चोवीस हक्क विका, ९६० रुपये येतील. उरलेल्या सहा हक्कांवर सहा शेअर घ्या, ९०० रुपये लागतील. दलाली सोडली, तर खिशातून काही न घालता १२६ शेअर होतात. मला स्वतःला ही वाट आवडते, फार कमी लोक ती वापरतात.

मग घ्यायचे की विकायचे? सवलतीकडे पाहून हे ठरत नाही, ते आपण पाहिलंच. प्रश्न असा विचारा: हा शेअर माझ्याकडे नसता, तर मी आज १९० रुपयांना घेतला असता का? उत्तर शोधायला ‘लेटर ऑफ ऑफर’, म्हणजे कंपनीने इश्यूची माहिती दिलेला दस्तऐवज, उघडा आणि पैसा कशासाठी हवा आहे ते पान वाचा. नवा कारखाना ही एक गोष्ट, जुनी कर्जं फेडणं दुसरी. प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनीचा ताबा असलेल्या मालकांच्या, गटातल्याच कंपनीचं कर्ज फेडायचं असेल, तर पुन्हा एकदा वाचा. प्रवर्तक आपला पूर्ण वाटा घेणार आहेत का, हेही तिथेच असतं. ते हक्क सोडून देत असतील, तर माझा हात तरी आखडतो.

पैसे हप्त्यांनी मागितले असतील तर आणखी सावध राहा. रिलायन्सने सुरुवातीला फक्त पाव रक्कम घेतली होती, बाकीची पुढच्या वर्षी. पुढचा हप्ता चुकला, तर शेअर जप्त होऊ शकतो. आणि अर्ज शेवटच्या दिवसांत करा. तोवर बाजारभाव १४० वर आला असेल, तर दीडशे भरण्यात अर्थ नाही. तोच शेअर बाजारात स्वस्त मिळतो आहे.

(पडद्यावर: टपालाने आलेलं जाड पाकीट.)

बायबॅकमध्ये उलटं घडतं. तिथे कंपनी तुमचे शेअर परत घेते, बहुधा चढ्या भावाने. कोण भागधारक आहे हे ज्या दिवशी ठरतं, त्या रेकॉर्ड तारखेच्या बाजारभावाने ज्याचे शेअर दोन लाख रुपयांपर्यंत आहेत, तो छोटा भागधारक, आणि टेंडर पद्धतीत, म्हणजे भागधारकांकडून ठरल्या भावाने शेअर मागवले जातात तेव्हा, अशांसाठी किमान पंधरा टक्के वाटा राखीव असतो. पण शंभर दिले म्हणजे शंभर घेतले जातील असं नाही. तीस स्वीकारले गेले, तर सत्तर परत येतात आणि तोवर भाव उतरलेला असू शकतो. म्हणून उरलेले सत्तर ठेवायला आवडतील अशाच कंपनीत उतरा. कराचा हिशेबही आधी करा. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा बोजा कंपनीकडून भागधारकावर आला, म्हणून जुन्या आठवणीवर विसंबून गणित मांडू नका.

डीलिस्टिंग मात्र वेगळंच प्रकरण आहे. इथे प्रवर्तक कंपनी बाजारातून काढू पाहतात. रिव्हर्स बुक बिल्डिंगमध्ये भाव तुम्ही सांगायचा असतो. प्रवर्तकांचे स्वतःचे धरून एकूण शेअरपैकी नव्वद टक्के ज्या भावाला त्यांच्याकडे जमा होतील, तो ठरलेला भाव. तो त्यांना पटला नाही, तर ते नाकारू शकतात किंवा उलट प्रस्ताव देऊ शकतात. तुम्ही फार चढा भाव लिहिला आणि डीलिस्टिंग तुमच्याशिवाय पार पडलं, तरी दार लगेच बंद होत नाही. बाजारातून बाहेर पडल्यावर एक वर्षभर त्याच भावाने शेअर देता येतात. ते वर्ष सरलं, की शेअर तुमच्या नावावर असतात, पण विकायला बाजार नसतो.

(पडद्यावर: डीमॅट खातं पुन्हा. आरईची ओळ आता दिसत नाही.)