दोन्हीकडे चोवीस, तरी समान नाही

नमस्कार. विषय जाहीर झालाय तो असा: पॉवरपॉइंटच्या एकाच स्लाइडवर डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी आणि दोन्ही मजकूर सारखे दिसणारे. माझी तक्रार त्या 'सारखे'बद्दलच आहे. बहुतेक जण दोन्हीकडे २४ पॉइंट टाकतात आणि न्याय केला असं समजून मोकळे होतात. मग मागच्या रांगेतला माणूस इंग्रजी वाचतो आणि मराठीकडे डोळे बारीक करून बघतो. (मागच्या रांगेतले हसले, म्हणजे मुद्दा पोचला.)

पॉइंट ही अक्षराची उंची नव्हे. अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसवलेलं असतं, तिची ती उंची. आता या चौकटीत देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार लागतात. खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. एवढी बिऱ्हाडं सांभाळायची तर मधल्या अक्षराने अंग आखडायचं, असं पुष्कळ फाँटांत होतं. त्यात 'क्ष', 'द्ध' यांच्या पोटात रेघांची गर्दी. आकार थोडा कमी झाला तरी ती पोटं बुजतात.

तेव्हा मोजा. एका टेक्स्ट बॉक्समध्ये, वापरणार आहात त्याच फाँटांत, १०० पॉइंटला 'न', 'x' आणि 'H' शेजारी टाइप करा. झूम ४०० टक्के. 'न'च्या कान्याच्या खालच्या टोकापासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत एक आयत ओढा आणि त्याची Height वाचा. तसंच x आणि H चं. समजा 'न' १.९ सेंटिमीटर भरला, x १.८ आणि H २.५. माझा ठोकताळा असा की शिरोरेषा x आणि H यांच्या साधारण मध्यावर यावी. मध्य २.१५. त्याला १.९ ने भागलं की १.१३. म्हणजे इंग्रजी २४ असेल तर मराठी २७. फाँट बदलला की गुणोत्तर बदलतं. मुक्ता किंवा हिंदसारख्या एकाच कुटुंबात दोन्ही लिप्या मिळतात, तिथे तफावत कमी निघू शकते, पण तिथेही मोजाच. आणि इंग्रजी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये असेल तर x विसरा, H शीच तुलना करा.

सत्तावीस-चोवीस ठरलं, आणि मजकूर भरताना आकडे आपोआप बदलले! ही Shrink text on overflow ची करामत. एका रकान्यात ओळ वाढली की फक्त तोच रकाना लहान होतो, आणि केलेली मोजणी पाण्यात. Format Shape मध्ये Do not Autofit निवडा. मजकूर मावत नसेल तर शब्द कापा, नाहीतर दुसरी स्लाइड घ्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मांडणी हा खरा विषय राहिलाच, तर भराभर सांगतो.

दोन सुटे बॉक्स नकोत, दोन रकान्यांचा टेबल घ्या, म्हणजे प्रत्येक मुद्दा आपल्या जोडीदारासमोर राहतो. ३३.८७ सेंटिमीटर रुंदीच्या स्लाइडवर दोन्ही कडांना दीड-दीड आणि मध्ये १.२ सोडलं की २९.६७ उरतात. त्यातले १६ मराठीला द्या. आपले शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांब होतात. अरुंद रकान्यात ओळींच्या कडा फार दातेरी दिसतात.

ओळींमधलं अंतर Multiple ने देऊ नका. ते फाँटच्या स्वतःच्या उंचीवर चालतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत दोन रकान्यांची पावलं चुकतात. Exactly निवडून दोन्हीकडे ३८ पॉइंट द्या. पुरतंय का ते बघायला वरच्या ओळीत 'अद्भुत' आणि बरोबर त्याच्याखाली 'कर्मेंद्रिय' टाइप करा. उकार आणि रफार भिडले तर ४० करा. पहिल्या ओळीची तळरेषा जुळत नसेल तर Alt+F9 ने गाइड आणा आणि एका सेलचं वरचं समास थोडं सरकवा. जुळवायची ती तळरेषा. शिरोरेषा x शीही जुळणार नाही आणि H शीही.

मराठी ओळीत रोमन शब्द आलाच तर तेवढा निवडून २४ करा. वर्डमध्ये दोन लिप्यांना वेगळे आकार देता येतात. पॉवरपॉइंट एका तुकड्याला एकच आकार देतं. मराठी अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. इटॅलिकही नको. बहुतेक देवनागरी फाँटांत ते नसतंच, सॉफ्टवेअर सरळ अक्षर नुसतं कलतं करून देतं.

शेवटचं, उठता उठता: दुसऱ्याच्या संगणकावर तुमचा फाँट नसेल तर त्याच्या जागी दुसराच येऊन बसेल आणि सत्तावीसचा हिशेब संपला. सेव्ह करताना Embed fonts in the file ची खूण करा, आणि पीडीएफ सोबत ठेवा.