झोपला होता की नव्हता?

नमस्कार श्रोते मंडळी. कारखान्यात कामगारावर आरोप आला की जी खातेनिहाय चौकशी होते, ज्याला आपण सगळे डोमेस्टिक एन्क्वायरीच म्हणतो, त्याबद्दल आज बोलतोय. मी बरीच वर्षं चौकशी अधिकारी म्हणून बसलोय, त्यातलीच एक केस सांगतो, कारखान्याचं नाव राहू दे.

रात्रपाळीतला एक ऑपरेटर, त्याला चार्जशीट दिली होती, त्यात एकच ओळ, 'आपण कामात निष्काळजीपणा व गैरवर्तन केले आहे.' आता सांगा, माणूस याला उत्तर काय देणार? कधी केलं, कुठे केलं, काय केलं, काहीच नाही. मी मॅनेजमेंटला म्हटलं ही मागे घ्या आणि नवीन द्या. मग नवीन चार्जशीट आली, त्यात तारीख होती, रात्रीचे 2 वाजून 20 मिनिटं, कॉम्प्रेसर रूम, मशीन सोडून तिथे झोपलेले आढळलात, आणि स्टँडिंग ऑर्डर्समधलं, म्हणजे कारखान्याच्या कामगारांसाठीच्या नियमांतलं, कुठलं कलम लागतं तेही. सोबत सिक्युरिटी रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स आणि साक्षीदारांची नावं. लेखी खुलाशाला सात दिवस दिले. खुलाशात त्याने लिहिलं, पोटात दुखत होतं म्हणून दहा मिनिटं बसलो होतो, झोपलो नव्हतो.

पहिल्या तारखेला आरोप वाचून दाखवला, त्याने नाकारला, आणि युनियनमधला एक सहकारी बचाव प्रतिनिधी म्हणून घेतला. इथे बरेच जण चुकतात बघा, आधी कामगारालाच उभं करून प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटतात, बोल का झोपलास, बोल. तसं चालत नाही. आरोप मॅनेजमेंटने केलाय तर पुरावा आधी मॅनेजमेंटने द्यायचा, मॅनेजमेंटचे साक्षीदार कामगाराच्या समोर बोलणार, कामगार त्यांची उलटतपासणी घेणार आणि मग त्याची स्वतःची बाजू. 1963 साली मीनग्लास टी इस्टेटच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, की नुसता आरोप कळून भागत नाही, तो कुठल्या साक्षीवर उभा आहे तेही माणसाला कळलं पाहिजे.

तर गार्ड आला. सरतपासणीत, म्हणजे मॅनेजमेंटने विचारलं तेव्हा, म्हणाला, झोपलेला पाहिला. मग प्रतिनिधीने शांतपणे विचारलं, खोलीत लाईट होता का? नाही. तुम्ही आत गेलात का? नाही, खिडकीतून बॅटरी मारली. काय दिसलं? 'पाय दिसले.' तोंड दिसलं का? नाही. हाक मारलीत? हाक मारली तर लगेच उठून आला. मी हे प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी रोजनाम्यात घेतली, 'साक्षीदाराने आरोपाला दुजोरा दिला' असं गुळगुळीत वाक्य टाकलं असतं ना, तर ते पाय तिथेच हरवले असते. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, आणि एक कॉपी त्याच दिवशी कामगाराच्या हातात.

मग अहवाल. इथे फौजदारी कोर्टाइतका, संशयाला जागाच नको असा पुरावा लागत नाही, कुठली गोष्ट जास्त संभवनीय आहे तेवढं बघायचं, पण जे बघायचं ते रेकॉर्डवरचंच. कोणी केबिनमध्ये चहा पिताना सांगितलं की हा आधीपासूनच आळशी आहे, तर ते निष्कर्षात येता कामा नये. मी लिहिलं, मशीन न सांगता सोडलं हा भाग सिद्ध, कारण रजिस्टर आहे आणि तो स्वतःच मान्य करतो, पण झोपला होता हे सिद्ध नाही, कारण गार्डने चेहरा पाहिलेलाच नाही आणि पहिल्या हाकेला माणूस उठून आला. प्रत्येक वाक्यापुढे रोजनाम्याचं पान टाकलं. शिक्षा काय करायची ते मी लिहीत नाही, ते शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याचं काम.

आणि तो अधिकारी थेट शिक्षेची ऑर्डर काढायला निघाला होता! मी थांबवलं. सुप्रीम कोर्टाच्या 1993 च्या करुणाकर निकालानुसार चौकशी अधिकारी शिक्षा देणाऱ्यापेक्षा वेगळा असेल तर अहवालाची प्रत आधी कामगाराला द्यायची, त्याला त्यावर म्हणणं मांडू द्यायचं आणि ते वाचूनच ठरवायचं. दिली प्रत. त्याने दीड पान लिहिलं, त्या रात्री प्रथमोपचार पेटीच्या वहीत पोटदुखीच्या गोळीची नोंद आहे, ती मागवा. हे त्याने चौकशीत सांगितलंच नव्हतं, म्हणाला सुचलंच नाही. वही मागवली, नोंद होती, वेळ 2 वाजून 5 मिनिटं.

डिसमिसची ऑर्डर टाईप होऊन तयार होती, ती फाडली, आणि न सांगता मशीन सोडलं म्हणून लेखी ताकीद दिली. तो माणूस त्याच मशीनवर दुसऱ्या दिवशी आला.