चौकोनी पोस्ट, उभी स्टोरी, आडवा बॅनर: प्रॉम्प्टमध्ये जागा कशी सोडावी

नमस्कार. आजचा विषय आहे तो एआयकडून चित्र करून घेताना प्रॉम्प्टमध्ये रुंदी-उंचीचे गुणोत्तर, म्हणजे आस्पेक्ट रेशो, कसा ठरवावा आणि चित्राच्या कडांना सुरक्षित जागा कशी राखावी. त्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे. आमच्या कोथरूडमध्ये शेजारी राहणाऱ्या काकू दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेतात आणि मागच्या दिवाळीत त्यांच्या जाहिरातीची चित्रे मी केली. एक चित्र इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी हवे होते, एक स्टोरीसाठी आणि एक त्यांच्या फेसबुक पेजच्या वरच्या बॅनरसाठी.

मी आधी एक चौकोनी चित्र केले. पितळी ताटात चकल्या, करंज्या, लाडू आणि शेजारी तेवणारी समई असे ते चित्र उत्तम उतरले होते, म्हणून तेच ताणून आणि कापून मी उरलेल्या दोन जागी वापरले. स्टोरीत समईची ज्योत खात्याच्या नावाखाली गेली आणि काकूंचा फोन नंबर उत्तर लिहिण्याच्या चौकटीखाली झाकला गेला. बॅनरमध्ये तर ताटाचा वरचा आणि खालचा काठच कापला गेला. संध्याकाळपर्यंत ऑर्डरसाठी एकही फोन का आला नाही, हे काकूंनी विचारले तेव्हा मी ती स्टोरी पहिल्यांदा दुसऱ्याच्या फोनवर पाहिली.

[पडद्यावर: उभी चौकट, वर आणि खाली छटा दिलेले पट्टे]

स्टोरीपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होते. स्टोरीचा कॅनव्हास १०८० बाय १९२० पिक्सेलचा, म्हणजे ९:१६ असतो. त्यातील वरचे सुमारे २५० पिक्सेल प्रोफाइलचा फोटो, नाव आणि प्रगतीची रेघ यांच्यासाठी जातात, तर खालचे सुमारे ३४० पिक्सेल उत्तराच्या चौकटीसाठी किंवा लिंकच्या बटणासाठी सोडावे लागतात. स्टोरीच्या जाहिरातींसाठी मेटा साधारण हीच मापे सांगते आणि साध्या स्टोरीलाही तीच पाळणे शहाणपणाचे आहे. १९२० मधून हे ५९० वजा केले की मधे १३३० पिक्सेलची उंची उरते. इन्स्टाग्रामच्या ४:५ या उभ्या पोस्टची उंची १३५० असते. म्हणजे दिसायला स्टोरी कितीही उंच असली, तरी काम करण्याची जागा जवळपास पोस्टएवढीच आहे. बाकीचा भाग फक्त पार्श्वभूमीचा आहे. हे एकदा लक्षात ठेवले की प्रॉम्प्ट लिहिण्याची पद्धत बदलते.

आता हे प्रॉम्प्टमध्ये कसे सांगायचे? माझा पहिला प्रयत्न असा होता की मी सरळ लिहिले, वर २५० पिक्सेल मोकळे सोडा. त्याने काहीच झाले नाही. चित्र करणारे मॉडेल पट्टी घेऊन मोजत नाही. चित्रांसोबत असलेल्या वर्णनांवरून शब्द आणि दृश्य यांची सांगड घालायला ते शिकलेले असते, आणि त्या वर्णनांत पिक्सेलची मापे क्वचितच असतात. कॅनव्हासचा आकार मात्र चित्र उमटायला सुरुवात होण्याआधीच ठरतो, म्हणून गुणोत्तर हे वाक्यात न सांगता सेटिंगमध्ये किंवा पॅरामीटरमध्ये द्यायचे असते. मिडजर्नीत ते प्रॉम्प्टच्या शेवटी `--ar 9:16` असे लिहितात. पॅरामीटर दिला नाही तर तिथे चौकोनी चित्र मिळते, मग वाक्यात तुम्ही कितीही वेळा उभे चित्र म्हटलेले असो.

माझी दुसरी चूक शब्दांची होती. प्रॉम्प्टमध्ये मार्जिन हा शब्द घातला की चित्राभोवती पांढरी चौकट येऊ लागली. स्टोरी म्हटले की चित्रातच मोबाइल फोन आणि त्यावर खोटी बटणे आली. बॅनर म्हटले तेव्हा ताटामागे खरोखर एक कापडी फलक टांगलेला दिसला. मॉडेल हे शब्द वापराची सूचना म्हणून घेत नाही, वस्तू म्हणून घेते. म्हणून मोकळी जागा हवी असेल तर मोकळी जागा असे लिहू नये. त्या जागी काय असेल ते लिहावे. साधी गडद भिंत, लाकडी टेबलाचा रिकामा पृष्ठभाग, धूसर आकाश, यांतील जे दृश्याला शोभेल त्याचे नाव घ्यावे.

त्यानंतर मी ताट खालच्या अर्ध्या भागात आणि वर भिंत, असे लिहिले. वरची बाजू सुधारली, पण ताट इतके खाली घसरले की लाडू उत्तराच्या चौकटीखाली गेले. खालच्या बाजूलाही काही वस्तू लागते, हे तेव्हा कळले. शेवटी जो प्रॉम्प्ट चालला तो असा होता.

```
brass plate of chakli, karanji and laddu just below centre,
empty dark wooden table top in the foreground,
tall brass standing oil lamp behind the plate,
plain dark maroon wall filling the upper half --ar 9:16
```

यातील दोन गोष्टींकडे जवळून पाहा. टेबलाची रिकामी बाजू पुढे आली, त्यामुळे खालचे ३४० पिक्सेल आपोआप भरले आणि ताट वर सरकले. आणि भिंत गडद सांगितली, कारण वर येणारे खात्याचे नाव पांढऱ्या अक्षरांत असते. मी आधी तिथे आकाशकंदील टांगला होता आणि त्याच्या उजेडात ते नाव वाचता येत नव्हते. समई या शब्दाने मला वारंवार छोटी पणतीच मिळाली, म्हणून उभा पितळी दिवा असे वर्णन करावे लागले. उभी वस्तू ठेवण्याला आणखी एक कारण आहे. ताट आडवे असते आणि कॅनव्हास उभा, त्यामुळे उंची भरण्यासाठी मॉडेल कधीकधी वर दुसरे ताट रचते. जुन्या मॉडेलांत हा दोष फार होता. स्टेबल डिफ्यूजनची १.५ ही आवृत्ती ५१२ बाय ५१२ च्या चौकोनी चित्रांवर शिकलेली असल्याने उंच कॅनव्हासवर माणसाला दोन डोकी यायची. नवी मॉडेल वेगवेगळ्या गुणोत्तरांवर शिकवलेली असतात, तरीही चित्रात एखादी वस्तू दोनदा दिसली तर कॅनव्हासच्या उंचीला साजेसे काही सांगायचे राहिले आहे, असे समजावे.

सर्वच साधने ९:१६ देत नाहीत. काहींमध्ये १०२४ बाय १५३६ हेच सर्वांत उंच माप असते, म्हणजे २:३. ते १९२० उंचीपर्यंत वाढवले की रुंदी १२८० होते आणि १०८० साठी दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर पिक्सेल कापावे लागतात. अशा साधनात ताट कडेपर्यंत पसरू देऊ नये. ताटाच्या दोन्ही बाजूंना टेबल दिसत आहे, एवढे प्रॉम्प्टमध्ये जोडले की काम होते.

चौकोनी पोस्ट तुलनेने सोपी आहे, कारण फीडमध्ये तिच्यावर काहीही चढत नाही. एक बदल मात्र अनेकांच्या नजरेतून सुटला आहे. जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरची जाळी चौकोनी न राहता उभी, ३:४ ची झाली. १०८० च्या चौकोनी चित्राचा तिथे मधला ८१० पिक्सेल रुंदीचा भागच दिसतो आणि दोन्ही बाजूंचे १३५ पिक्सेल जातात. त्यामुळे प्रॉम्प्टमध्ये ताट मध्यभागी ठेवावे आणि फराळाचे नाव किंवा किंमत बाजूला कडेशी लिहू नये.

तिन्ही ठिकाणी तेच ताट, त्याच चकल्या दिसायला हव्या असतील, तर तीन स्वतंत्र प्रॉम्प्ट पुरत नाहीत, कारण प्रत्येक वेळी ताट थोडे वेगळे येते. तेव्हा चौकोनी चित्र आधी पक्के करावे आणि कॅनव्हास वाढवण्याच्या सोयीने ते वर-खाली वाढवावे. चौकोन बरोबर मधोमध ठेवला तर वर आणि खाली ४२०-४२० पिक्सेल येतात, पण सुरक्षित भागात वरच्या मजकुरासाठी जेमतेम १७० उरतात. मी चौकोन खाली सरकवून ५०० ते १५८० या पट्ट्यात बसवला. खालचे ३४० शिल्लक राहिले आणि २५० ते ५०० या जागेत काकूंचे नाव आणि नंबर मोठ्या अक्षरांत बसले. वाढवताना प्रॉम्प्टमध्ये फक्त भिंत आणि टेबल लिहावे; ताटाचा उल्लेख केला की नव्या भागात आणखी एक ताट येते.

आता आडवा बॅनर. फेसबुकच्या पेजवरचे कव्हर संगणकावर ८२० बाय ३१२ असे लांबट दिसते आणि फोनवर ६४० बाय ३६० असे, म्हणजे १६:९. एकच चित्र दोन्हीकडे चालवायचे, तर ते १६:९ मध्ये करावे आणि महत्त्वाचे सारे उंचीच्या मधल्या दोन तृतीयांशात ठेवावे, कारण वरचा-खालचा सहावा भाग संगणकावर कापला जातो. इथे जवळून काढलेले ताट चालत नाही. लांबून पाहिलेले दृश्य सांगावे लागते.

```
wide shot from a distance, small brass plate of Diwali sweets
on the right, long wooden table, plain dark maroon wall
across the left and centre --ar 16:9
```

ताट उजवीकडे ठेवले, कारण खालच्या डाव्या बाजूला प्रोफाइलचा गोल फोटो कव्हरवर चढतो. मजकूर डावीकडून मध्यापर्यंत येतो, पण तो त्या गोलाच्या वरच राहिला पाहिजे.

तो मजकूर प्रॉम्प्टमधून मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. देवनागरीतील जोडाक्षरे आणि वेलांट्या अजूनही अनेकदा चुकतात आणि फोन नंबरातील एक आकडा बदलला तर जाहिरात वायाच गेली. चित्र रिकाम्या भिंतीचे घ्यावे आणि अक्षरे नंतर स्वतः बसवावीत.

तपासणीसाठी १०८० बाय १९२० ची एक पारदर्शक फाइल करून ठेवा, ज्यात वर २५० आणि खाली ३४० पिक्सेलचे लाल पट्टे आहेत, आणि प्रत्येक स्टोरीवर ती ठेवून पाहा. केवळ स्वतःच्या फोनवर विसंबू नका. आजचे अनेक फोन ९:१६ पेक्षा उंच असतात, तिथे उत्तराची चौकट चित्राच्या खाली मोकळ्या जागेत जाते आणि सारे ठीक वाटते. काकूंची स्टोरी माझ्या फोनवर अशीच ठीक दिसली होती. त्यांच्या पुतण्याच्या जुन्या, आखूड फोनवर नंबर झाकलेला होता. म्हणून यंदा मी स्टोरी आधी क्लोज फ्रेंड्सच्या यादीत फक्त त्या पुतण्याला ठेवून टाकली आणि त्याने नंबर वाचून दाखवल्यावरच सर्वांसाठी पुन्हा टाकली.