हौद किती वेळात भरेल? पाईप मोजा, धार मोजा

नमस्कार मंडळी. मोटर चालू केली की घरात एकच प्रश्न असतो, हौद भरायला किती वेळ लागेल, आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी "तासभर धर" असं अंदाजाने दिलं जातं. मग तासभराने बघावं तर एक तर हौद वाहून चिखल झालेला असतो, नाहीतर अजून अर्धाच. आज आपण हा अंदाज जरा नीट करू. दोनच गोष्टी मोजायच्यात, पाईप आतून किती रुंद आहे आणि त्यातून पाणी किती वेगाने धावतंय.

समजा शेतातला गोल सिमेंटचा हौद आहे, आतून 3 मीटर व्यास आणि पाणी भरायची उंची दीड मीटर. म्हणजे साधारण 10,600 लिटर पाणी. विहिरीवरून पीव्हीसी पाईप आलाय, त्याचं तोंड हौदाच्या काठावर आडवं बसवलंय आणि पाणी वरून पडतंय.

आता पाईपाचं बघा. दुकानात आपण त्याला "दोन इंची" म्हणून मागतो, पाईपावर छापलेलं असतं 63 एमएम, आणि हा 63 जो आहे ना तो बाहेरून मोजलेला असतो, पाणी तर आतून जातं. म्हणून तुकडा हातात घ्यायचा, तोंडाशी भिंतीची जाडी मोजायची. समजा ती 2 मिलिमीटर भरली, तर दोन्ही बाजूच्या मिळून 4 गेल्या आणि आतला व्यास राहिला 59. एकाच पाईपाचे हे तीन आकडे झाले, दोन इंच म्हणजे 51, छापलेला 63 आणि खरा 59. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण तो पुढे कसा फुगतो ते बघालच.

वेग कसा मोजायचा? पाईपात तर डोकावता येत नाही. पण तोंडातून बाहेर पडणारी धार सगळं सांगते. दोन लाकडी पट्ट्या काटकोनात ठोका, इंग्रजी एल अक्षरासारख्या, त्यातली खाली लटकणारी पट्टी 30 सेंटीमीटरची ठेवा. लांब पट्टी पाईपाच्या पाठीवर सरळ आडवी ठेवायची आणि पुढेमागे सरकवत राहायचं, जोपर्यंत लटकणाऱ्या पट्टीचं टोक धारेच्या वरच्या अंगाला जेमतेम टेकत नाही तोपर्यंत. टेकलं की पाईपाच्या तोंडापासून त्या लटकत्या पट्टीपर्यंतचं आडवं अंतर मोजा. एवढंच.

आता हे का चालतं ते सांगतो. कुठलीही वस्तू 30 सेंटीमीटर खाली पडायला जवळजवळ पाव सेकंद घेते, पाणीसुद्धा, आणि ते पुढे किती जोरात चाललंय याच्याशी त्या पडण्याचा काही संबंध नसतो. म्हणजे पाव सेकंदात पाणी जेवढं पुढे गेलं त्याच्या चौपट ते एका सेकंदात जाणार. आपलं अंतर आलं 38 सेंटीमीटर, चौपट केलं तर 152, म्हणजे सेकंदाला दीड मीटर. ताशी करायचं तर 3.6 ने गुणा, 5.4 किलोमीटर आले, म्हणजे घाईत निघालेला माणूस चालतो साधारण तेवढा वेग. पाईपातलं पाणी काही गोळीसारखं धावत नसतं, उगाच तसं वाटतं. फक्त दोन अटी आहेत, पाईपाचं तोंड खरंच आडवं पाहिजे आणि पाईप तोंडाशी पूर्ण भरून वाहिला पाहिजे. वरच्या बाजूला हवेची फट दिसत असेल तर ही पद्धत सोडा, सरळ 200 लिटरचा ड्रम धारेखाली लावा आणि घड्याळ बघा.

आता हिशोब. नेहमीच्या रीतीने आधी पाईपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढायचं, मग त्याला वेगाने गुणायचं, मग हौदाचं घनफळ, मग भागाकार, आणि त्यात दोनदा पाय, म्हणजे तो 22/7, येतो, दहावीच्या महत्त्वमापनात पोरांचा जीव याच्यातच जातो. पण हौदही गोल आणि पाईपही गोल असेल तर तो पाय दोन्हीकडून उडून जातो आणि तोंडी करता येईल असं काहीतरी उरतं. हौदाच्या व्यासात पाईपाचा आतला व्यास किती वेळा बसतो ते बघा. 3000 मिलिमीटरला 59 ने भागलं, जवळपास 51 आलं. या 51 चा वर्ग करायचा, 2600. याचा अर्थ असा की हौदाच्या तळावर पाईपाच्या तोंडाएवढी 2600 तोंडं मावतील, म्हणजे मोकळी जागा न सोडता, क्षेत्रफळाने म्हणतोय मी. पाईपातलं पाणी 2600 पट जागेवर पसरतंय, तर हौदातली पातळी पाईपातल्या वेगाच्या 2600 व्या हिश्शानेच चढणार.

पाईपात पाणी दीड मीटर जायला एक सेकंद लागतो. हौदात दीड मीटर चढायला त्याच्या 2600 पट, म्हणजे 2600 सेकंद. 60 ने भागा, 43 मिनिटं. झालं गणित.

लिटरमध्ये पडताळून बघू. 59 मिलिमीटरच्या पाईपातून या वेगाने सेकंदाला 4.1 लिटर पाणी येतं, 10,600 ला 4.1 ने भागा, परत 43 मिनिटंच येतात. 200 लिटरचा ड्रम याच धारेखाली 49 सेकंदात भरला पाहिजे, तेवढ्यात भरला तर समजा की तुमचं मोजमाप बरोबर आहे.

आता त्या तीन आकड्यांकडे परत या. कुणी छापलेला 63 धरला तर उत्तर येतं 38 मिनिटं. कुणी दोन इंच म्हणजे 51 मिलिमीटर धरले तर 58 मिनिटं. पाईप तोच, पाणी तेच, हौद तोच, आणि उत्तरात 20 मिनिटांचा फरक! कारण व्यासाचा वर्ग होतो. व्यासात थोडी चूक केली की वेळेत साधारण दुप्पट टक्क्याने चूक होते, म्हणून टेप लावताना आळस करायचा तर हौदाच्या उंचीत करा एक वेळ, पाईपाच्या व्यासात नको.

याच वर्गामुळे दुसरा एक गैरसमज होतो. एका मोठ्या पाईपाऐवजी अर्ध्या व्यासाचे दोन लावले तर तेवढंच पाणी येईल असं पुष्कळांना वाटतं. नाही येत. वेग तोच राहिला तरी अर्ध्या व्यासाचा पाईप पावपटच पाणी देतो, म्हणजे चार लावावे लागतील, आणि खरं तर चारही पुरत नाहीत कारण बारीक पाईपात पाण्याला भिंतीचं घर्षण जास्त पडतं आणि वेगच कमी होतो.

आणि तोंडाशी अंगठा लावून किंवा बारीक रिड्युसर बसवून धार लांब उडाली की लोक खूश होतात, बघा किती प्रेशर आलं. अहो पाणी नाही वाढलं, तोंड लहान झालं म्हणून वेग वाढला, उलट अडवल्यामुळे पाणी थोडं कमीच झालं असेल. इथेच हिशोबातली सगळ्यात मोठी गफलत होते, वेग मोजायचा रिड्युसरच्या बारीक तोंडाशी आणि व्यास धरायचा मागच्या मोठ्या पाईपाचा. तोंडाचा व्यास निम्मा असेल तर असा हिशोब चौपट पाणी दाखवतो. व्यास आणि वेग दोन्ही एकाच जागी मोजायचे, मग ती जागा कुठलीही असू दे.

बरं, 43 मिनिटं कुठून मोजायची? बटण दाबल्यापासून नाही. विहीर 300 मीटर लांब असेल आणि फुटव्हॉल्व्ह गळका असेल तर मोटर बंद असताना पाईपलाईन रिकामी होते. मग चालू केल्यावर आधी ती 300 मीटर लाईन भरणार, दीड मीटरच्या वेगाने 200 सेकंद, म्हणजे सव्वातीन मिनिटं नुसती हवा फुसफुसत बाहेर येते. त्या लाईनीतच 800 लिटरच्या वर पाणी मावतं. टायमर लावणाऱ्यांनी हे धरलं नाही तर रोज हौद थोडा रिकामा राहणार आणि दोष मोटरीला जाणार.

आणखी एक. आपला पाईप वरून पडतोय म्हणून वेग शेवटपर्यंत तोच राहिला. पण उंचावरच्या मोठ्या टाकीतून, मोटर न लावता, हौदाच्या तळाशी जोडलेल्या पाईपातून पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी. हौदात पाणी चढतं तसं ते येणाऱ्या पाण्याला मागे रेटतं. समजा वरच्या टाकीतली पातळी हौदाच्या तळापासून 2 मीटर उंच आहे आणि ती तेवढीच राहते. सुरुवातीला 2 मीटरचा जोर, शेवटी हौद दीड मीटर भरल्यावर उरला फक्त अर्ध्या मीटरचा. जोर पावपट झाला की वेग निम्मा होतो, कारण वेग जोराच्या वर्गमुळाप्रमाणे जातो. सुरुवातीचा वेग दीड मीटर धरून सगळा हिशोब केला तर 43 च्या जागी 57 मिनिटं लागतात, आणि यातली जादा मिनिटं बहुतेक शेवटच्या टप्प्यात जातात. म्हणून अशा जोडणीत "अर्धा हौद 20 मिनिटांत भरला, म्हणजे उरलेला अजून 20 मिनिटांत" असं म्हणू नका.

आता करून बघायचं असेल तर एक काठी घ्या, सेंटीमीटरच्या खुणा करा आणि हौदात उभी ठेवा. आपल्या हौदात पातळी मिनिटाला साडेतीन सेंटीमीटर चढायला हवी, म्हणजे 10 मिनिटांत 35. समजा 30 च चढली. मग लगेच धारेला परत पट्टी लावा. आडवं अंतर 38 वरून 33 च्या आसपास आलं असेल तर पाणीच कमी येतंय, व्होल्टेज पडलंय किंवा फुटव्हॉल्व्हच्या जाळीत काहीतरी अडकलंय, आणि हौद भरायला 50 मिनिटं लागणार. पण अंतर अजून 38 च असेल आणि तरी पातळी 30 च चढत असेल, तर पाईप आणि मोटर दोन्ही ठीक आहेत, पाणी हौदातून जातंय. मोटर बंद करा, काठीवर खूण करा आणि अर्ध्या तासाने बघा खूण किती खाली गेली ते.