झाकणावरचा खळगा

(दृश्य: काळं, चकचकीत प्लास्टिकचं झाकण. उजेडात हळूहळू तिरकं होतं.)

समोरून पाहिलं तर झाकण सपाट वाटतं. जरा तिरकं धरलं की मधोमध दोन उथळ रेघा दिसतात आणि उजेड तिथे वाकतो. पालथं केलं तर बरोबर त्याच जागी आतल्या बाजूला मजबुतीसाठी दिलेल्या दोन रिब, म्हणजे उभ्या पट्ट्या आहेत. या रेघांना सिंक मार्क म्हणतात.

त्या का पडतात, हे इंजेक्शन मोल्डिंग मशीनच्या एका सायकलमध्ये दिसतं.

(दृश्य: मोल्ड बंद होतो.)

साचा बंद होतो. बॅरल म्हणजे मशीनच्या तापलेल्या नळीत सुमारे २२० अंशांना वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन स्क्रू पुढे ढकलतो आणि साधारण दीड सेकंदात साचा जवळजवळ भरतो. पाहणाऱ्याला वाटतं, झालं काम. खरी मेख पुढेच आहे. वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन थंड होऊन घट्ट होताना त्याचं आकारमान १५ टक्क्यांहून जास्त घटतं. ही तूट भरून काढायला स्क्रू दाब धरून राहतो आणि थोडा थोडा माल आत सारत राहतो. हे होल्डिंग. मालाची वाट एकच, गेट, म्हणजे साच्यात शिरायचं अरुंद तोंड. ते गोठलं की आत काहीच जात नाही.

मग कूलिंग. तेवढ्या वेळात स्क्रू फिरत मागे येतो आणि पुढच्या शॉटचा माल तयार करतो. साचा उघडतो, इजेक्टर पिना झाकण बाहेर ढकलतात. एकूण पंचवीसेक सेकंद.

(दृश्य: वजनकाट्यावर एकामागून एक झाकणं.)

आपल्या झाकणाला होल्डिंग ३ सेकंदांचं होतं. ते पुरेसं आहे का, हे साधा वजनकाटा सांगतो. वेळ एकेक सेकंदाने वाढवायची, तेवढीच कूलिंगमधून कमी करायची, म्हणजे सायकल बदलत नाही. गेटपर्यंत माल आणणाऱ्या वाटेत घट्ट झालेला दांडा, म्हणजे रनर, तोडून फक्त झाकण तोलायचं. ३ सेकंदांना ३१.२ ग्रॅम, ४ ला ३१.६, ५ ला ३१.९, ६ ला ३२.०, आणि ७ लाही ३२.०. वजन वाढायचं थांबलं, म्हणजे सहाव्या सेकंदापर्यंत गेट गोठलं. आधी ३ सेकंदांनाच दाब सुटत होता आणि उघड्या गेटातून माल उलटा रनरमध्ये येत होता.

होल्डिंग ६ सेकंद केल्यावर रेघा बऱ्याच फिक्या झाल्या, पण गेल्या नाहीत. आता दोष सेटिंगचा नाही, डिझाइनचा आहे. झाकणाची भिंत २ मिलिमीटर, रिबही २ मिलिमीटर. दोन्ही मिळतात तिथे मालाचा गठ्ठा होतो. त्या कोपऱ्यात बसणारं सर्वांत मोठं वर्तुळ काढलं तर व्यास अडीच मिलिमीटर येतो. थंड व्हायचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वापट जाडीला दीडपटीहून जास्त वेळ. भोवतालचा भाग घट्ट झाल्यावरही गठ्ठा आतून आकसत राहतो आणि वरची कातडी खाली ओढतो. कातडी आधीच कडक झाली असेल, तर खळगा न पडता आत पोकळी राहते. ती कापल्याशिवाय कळत नाही, म्हणून जास्त फसवी.

रिब भिंतीच्या निम्मी ते ६० टक्के जाड असावी. इथे १.१ मिलिमीटर चाललं असतं. पण रिब बारीक करायची म्हणजे साच्यात स्टील भरायचं. स्टील काढणं सोपं, भरणं महागाचं. म्हणून रिब आधी बारीकच ठेवावी, लागली तर वाढवता येते.

(दृश्य: सपाट टेबलावर पालथं ठेवलेलं झाकण बोटाने गरगर फिरतं.)

हेच झाकण दर्शनी बाजूवर ठेवलं तर भोवऱ्यासारखं फिरतं. मध्य बाहेर फुगलाय, काठ उचललेत. हा वॉर्पेज. बहुतेक वेळा लोक दाब वाढवतात, नाहीतर झाकण गरम असताना वजनाखाली ठेवतात. वजन काढल्यावर ते पुन्हा वाकतं.

वाकण्याचं मूळ एकच, सगळा भाग सारखा आकसत नाही. जी बाजू उशिरा थंड होते ती जास्त आकसते आणि भाग तिच्याकडे वाकतो. इथे आतली बाजू ओढली गेलीय, म्हणून संशय कोअरवर, म्हणजे झाकणाची आतली बाजू घडवणाऱ्या साच्याच्या भागावर. साचा उघडताच तापमान मोजलं. दर्शनी बाजू घडवणारी कॅव्हिटी ३२ अंश, कोअर ५४. कोअरच्या नळीतून पाणी धड येत नव्हतं, आत क्षाराचा थर होता. तो काढल्यावर फरक ६ अंशांवर आला.

झाकण टेबलावर टेकलं, पण शेरा लगेच द्यायचा नाही. पॉलिप्रॉपिलीन साच्याबाहेर आल्यावरही काही तास आकसतं. तारीख आणि वेळ टाकलेली पाच झाकणं बाजूला ठेवली आहेत. मोजणी उद्या, याच वेळेला.