नोट कोणी काढायची?
(तालुक्यातल्या कृषी केंद्रचालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आजचा ठरलेला विषय दरफरकाच्या नोटांचा आहे आणि तिथे मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलू द्या. ती सुटली तर पुढचं सगळं वाकडं जातं.

दिवाळी झाली, पराटीवरची फवारणी सरली. गोदामात औषधाच्या बाटल्या उरल्यात आणि त्या वापस करायच्या आहेत. अशा वेळी आपल्याकडे काय होतं? दुकानदार गल्ल्यातून पुस्तक काढतो, त्यावर 'डेबिट नोट' लिहितो, ठोकवाल्याच्या गाडीत माल चढवतो आणि पुढच्या पेमेंटमधून तेवढी रक्कम कापून घेतो. त्याच्या लेखी व्यवहार संपला.

जीएसटीच्या लेखी तो सुरूही झालेला नाही. कायद्याच्या कलम ३४ मध्ये दोन्ही नोटा विकणाऱ्याच्या हातात दिल्या आहेत. कर कमी करायचा तर विकणारा क्रेडिट नोट काढतो आणि वाढवायचा तर डेबिट नोटही तोच काढतो. घेणाऱ्याने लिहिलेली डेबिट नोट ही तुमच्या खतावणीतली नोंद आहे. ती लिहा, हिशोबाला हवीच. पण तिने करातला एक रुपयाही हलत नाही.

आकडे घेऊन बघू. ५ जुलै २०२५ ला दारव्ह्याच्या दुकानाने अकोल्याच्या ठोकवाल्याकडून कीटकनाशकाच्या ४० बाटल्या घेतल्या. दर ५००, म्हणजे माल २०,००० चा. त्यावर १८ टक्के कर ३,६००, अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा. बिल झालं २३,६०० चं. ठोकवाल्याने ३,६०० भरले, दुकानदाराने तेवढ्याचं क्रेडिट घेतलं. नोव्हेंबरात १२ बाटल्या परत गेल्या. माल ६,००० चा, कर १,०८०, एकूण ७,०८०. दुकानदाराने १६,५२० दिले आणि हात झटकले.

आता ठोकवाल्याने क्रेडिट नोट काढलीच नाही असं समजा. परत आलेल्या मालावरचे १,०८० त्याच्या खिशातून गेले, आणि दुकानदाराकडे नसलेल्या मालाचं १,०८० चं क्रेडिट पडून राहिलं. पोर्टलवर मात्र ते बिल अजूनही पूर्ण २३,६०० चं दिसतं. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत विकणाऱ्याला पूर्ण पैसे गेले नाहीत, तर न दिलेल्या रकमेवरचं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. इथे ते १८० दिवस १ जानेवारीला भरतात. तपासणीत विचारतील, हे ७,०८० काहून दिले नाहीत? तुमच्या पुस्तकातलं पान दाखवून भागणार नाही, ठोकवाल्याची क्रेडिट नोट दाखवावी लागेल.

म्हणून माल वापस करताना डिलिव्हरी चलन करा. त्यावर मूळ बिलाचा क्रमांक, तारीख, बाटल्यांची संख्या आणि बॅच नंबर टाका. बॅच नंबर जीएसटीला लागत नाही, पण तो नसला की ठोकवाला म्हणतो हा माल माझा नव्हेच, आणि नोट अडकते. राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंतच्या मालाला महाराष्ट्रात ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे या १२ बाटल्यांना चलन पुरेल. चलनाच्या एका प्रतीवर पोच घ्या आणि त्याच दिवशी क्रेडिट नोट मागा. नोटेवर तिचा स्वतःचा क्रमांक आणि तारीख, दोघांचे जीएसटी क्रमांक, मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, मालाची किंमत, कराचा दर, कराची रक्कम आणि सही, एवढं असलं पाहिजे. अनेक बिलांतला माल एकदम परत गेला असेल तर एका आर्थिक वर्षातल्या सगळ्या बिलांसाठी एकच नोट चालते. आपल्या हंगामी धंद्यात ही मोठी सोय आहे.

पुढच्या महिन्यात तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये ती नोट दिसली पाहिजे. दिसली नाही, तर ठोकवाल्याने कागद तुम्हाला दिला पण जीएसटीआर-१ मध्ये चढवला नाही. पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम म्हणजे आयएमएस आहे. तिथे नोट स्वीकारता किंवा नाकारता येते. काहीच केलं नाही तर ती स्वीकारली असं धरलं जातं आणि तुमचं क्रेडिट १,०८० ने कमी होतं. न बघता नाकारली, तर ते १,०८० ठोकवाल्याच्या डोक्यावर पुन्हा चढतात आणि तो तुम्हाला फोन करतो. त्याचं बरोबरच असतं.

(श्रोत्यांतून: आणि बियाण्याचं?) चांगलं विचारलंत. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही, बिल ऑफ सप्लाय असतं. परत गेलेल्या पाकिटांचा हिशोब दोघांनी मिटवायचा, उलटवायला कर मुळातच नसतो.

आता मुदत. विकणाऱ्याला क्रेडिट नोटेने कर कमी करायचा असेल, तर ज्या आर्थिक वर्षात माल विकला त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती विवरणपत्रात दाखवावी लागते. त्याआधी त्याने त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरलं, तर दार तेव्हाच बंद होतं. जुलै २०२५ च्या बिलाला शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६. औषधाची बाटली मात्र बऱ्याचदा दोन वर्षं चालते. २०२७ मध्ये मुदत संपलेली बाटली परत गेली, तर कराची क्रेडिट नोट उरलेली नसते. ठोकवाला नोट देऊ शकतो, पण त्याचा कर कमी होत नाही. ऑक्टोबर २०१८ च्या ७२ क्रमांकाच्या परिपत्रकात माणसांच्या औषधांच्या संदर्भात दुसरा रस्ताही सांगितलाय: परत करणाऱ्याने स्वतःचं कर बिल काढून माल परत विकायचा. इतर कारणांनी परत जाणाऱ्या मालालाही ही पद्धत लावता येईल असं त्यातच म्हटलं आहे. त्यापेक्षा दर नोव्हेंबरात गोदाम बघा आणि उरलेलं तेव्हाच परत पाठवा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, म्हणून दरफरक झटपट घेतो. त्याच सौद्यात ठेवून घेतलेल्या २८ बाटल्या बघा. ठरलेला दर ४८० आणि बिल चुकून ५०० ने झालं, तर फरक २८ गुणिले २०, म्हणजे ५६०. त्यावर कर १०० रुपये ८० पैसे. ठोकवाला ६६० रुपये ८० पैशांची क्रेडिट नोट काढेल आणि तुमचं क्रेडिट १०० रुपये ८० पैशांनी उतरेल.

बिल बरोबर होतं आणि कंपनीने नंतर नुसती सूट दिली, तर बहुतेक वेळा ५६० ची व्यापारी नोट येते, तिच्यावर कर नसतो. अशा नोटेत ठोकवाल्याचा कर कमी होत नाही आणि तुमचं क्रेडिटही शाबूत राहतं. नोट हातात आली की कराचा रकाना आधी बघा. तिथे आकडा असेल तरच क्रेडिट उलटवायचं.

उलट, ठरला होता ५२० आणि बिल ५०० ने झालं, तर ठोकवाला ५६० वर कर लावून डेबिट नोट काढतो आणि त्याच महिन्याच्या विवरणपत्रात दाखवून कर भरतो. क्रेडिट नोटेसारखी नोव्हेंबरची अट तिच्यावर नाही. तुम्हाला मिळणाऱ्या क्रेडिटची मुदत १ जानेवारी २०२१ पासून मूळ बिलाच्या वर्षावरून मोजत नाहीत, डेबिट नोटेच्या वर्षावरून मोजतात. त्यामुळे २०२५ च्या बिलावर मे २०२६ मध्ये आलेली डेबिट नोट जुनी म्हणून बाजूला टाकू नका. तिचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२७ पर्यंत घेता येतं.